चित्रातली बाई कोण? वस्तुसंग्रहालयाला पत्र लिहिण्याआधी आणि लिहिताना

प्रश्न: आमच्या दिवाणखान्यात एका बाईंचं जुनं तैलचित्र आहे. कोपऱ्यात इंग्रजीत सही आहे, ती 'एम. व्ही. धुरंधर' अशी वाचता येते. पुढे साल आहे, १९०३ किंवा १९०८. वडील म्हणायचे, ही आपली पणजी. आत्या म्हणते, छे, ही पणजोबांची पहिली बायको, बाळंतपणात गेली ती. या चित्रात कोण आहे याची नोंद एखाद्या वस्तुसंग्रहालयाकडे असेल का? आणि आमच्याकडे जी माहिती आहे ती त्यांना कशी कळवायची? पत्रात नेमकं काय लिहू?

उत्तर:

पत्र लगेच धाडू नका. त्याआधी दोन तारखा हुडकून काढा. पहिल्या पणजी कधी गेल्या आणि पणजोबांचं दुसरं लग्न कधी झालं? मग सहीपुढचा शेवटचा आकडा नीट वाचा. तुमच्या घरातला वाद बराचसा त्या तीन आणि आठमध्ये अडकलेला आहे, आणि तो आकडा तुमच्याच भिंतीवर आहे. तो वाचायला संग्रहालयातला संग्रह सांभाळणाऱ्या कुठल्याही अभिरक्षकाची गरज नाही.

मी बरीच वर्षं एका वस्तुसंग्रहालयात नोंदणीचं काम केलं. अशी पत्रं फिरत फिरत शेवटी माझ्याच टेबलावर यायची. त्यामुळे पलीकडच्या बाजूला काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पत्र तसं का लिहायचं ते कळेल.

तुमचं पत्र आलं की त्याला आवक क्रमांक पडतो. ते अभिरक्षकांकडे जातं आणि तिथून नोंदणी विभागात येतं. नोंदणीवाला अ‍ॅक्सेशन रजिस्टर उघडतो. जुन्या रजिस्टरमध्ये एका वस्तूला एक ओळ असते: क्रमांक, तारीख, कोणाकडून आली, वर्णन, माप, भेट की खरेदी. वर्णनाच्या रकान्यात इंग्रजीत 'हिंदू बाईचे व्यक्तिचित्र, तैलरंग' एवढंच लिहिलेलं असतं. नाव असलंच तर ते त्या काळच्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. मुख्य म्हणजे हे रजिस्टर फक्त संग्रहालयाच्या मालकीच्या वस्तूंचं असतं. तुमचं चित्र कायम तुमच्याच घरात राहिलं असेल, तर त्याची ओळ तिथे असणारच नाही. म्हणून 'आमच्या चित्राची नोंद आहे का' असं विचारलंत, तर 'नाही' असं दोन ओळींचं उत्तर येईल. ते खरंही असेल आणि तुमच्या काही कामाचंही नसेल.

नोंद सापडलीच तर ती आडवाटेने सापडते. एक शक्यता अशी, की त्याच बाईंचं दुसरं चित्र किंवा चित्रासाठी केलेलं रेखाटन संग्रहालयात आहे आणि त्यावर नाव आहे. दुसरी, की तुमचं चित्र कधीतरी प्रदर्शनात मांडलं गेलं आणि प्रदर्शनाच्या छापील यादीत त्याचा उल्लेख आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली. तिच्या प्रदर्शनांच्या याद्यांमध्ये चित्राचा क्रमांक, चित्रकार आणि शीर्षक मिळतं. शीर्षकात कधी माणसाचं नाव असतं, कधी नुसतंच 'एका स्त्रीचे व्यक्तिचित्र'. तिसरी शक्यता चित्रकाराच्या स्वतःच्या लिखाणाची, पत्रांची किंवा कागदपत्रांची. पत्रात विचारायचं ते या तीन गोष्टींबद्दल.

तुमच्या बाबतीत चित्रकाराचं नाव हाताशी आहे, ही मोठी सोय. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, पुढे तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत त्या संस्थेत होते. त्या काळाबद्दल त्यांनी स्वतः मराठीत 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक लिहिलं, ते १९४० साली निघालं. मोठ्या ग्रंथालयात ते मिळवा आणि आपल्या घराण्याचं आडनाव किंवा पणजोबांच्या नोकरीचं गाव त्यात कुठे येतं का, ते स्वतः चाळून बघा. संग्रहालयातल्या माणसाला तुमच्या घरातली नावं ठाऊक नसतात. त्याच्या नजरेतून जे निसटेल ते तुमच्या नजरेतून निसटणार नाही.

पत्र पाठवायचं ते धुरंधरांची चित्रं जिथे आहेत तिथे. सातारा जिल्ह्यातल्या औंधला तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. ते आता राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. मुंबईत खुद्द जे. जे. आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईच्या इमारतीत २०१८ साली धुरंधरांचं मोठं प्रदर्शन झालं होतं, तेव्हा त्यांनाही विचारता येईल. प्रत्येक ठिकाणी वेगळं पत्र घाला. एकच ईमेल चौघांना पाठवलं की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे तिघे बघतील.

आता चित्राकडे वळा. ते भिंतीवरून काढताना दोन माणसं लागतात, एकाने खालून धरायचं आणि दुसऱ्याने दोरी सोडवायची. टेबलावर जाड चादर घालून त्यावर चित्र पालथं ठेवा. चौकटीतून मात्र बाहेर काढू नका. पाठीमागची धूळ ओल्या फडक्याने पुसू नका, आणि पुढून बटाटा, कांदा, जवसाचं तेल असले घरगुती उपाय तर अजिबात नकोत. अशा 'सफाई'त सही उडालेली चित्रं मी पाहिली आहेत. सही बहुतेक वेळा सगळं रंगकाम झाल्यावर शेवटी पातळ रंगाने केलेली असते, त्यामुळे ती सर्वांत आधी जाते.

पाठीमागून चित्र जेवढं सांगतं तेवढं कधी कधी पुढून सांगत नाही. कॅनव्हासवर काळ्या शाईचा ठसा आहे का पाहा. त्या काळी इथले चित्रकार विलायती तयार कॅनव्हास वापरत, आणि त्यावर विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता असे. विन्सर अँड न्यूटन आणि 'रॅथबोन प्लेस, लंडन' असा ठसा पुष्कळदा दिसतो. नावापुढे 'लिमिटेड' असेल तर कॅनव्हास १८८२ नंतरचा. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने अशा सामान विकणाऱ्या ब्रिटिश दुकानांची नावं, पत्ते आणि वर्षं यांची मोठी सूची इंटरनेटवर फुकट ठेवली आहे, तिच्याशी पत्ता ताडून पाहता येतो. एवढं लक्षात ठेवा, की ठसा कॅनव्हासचं वय सांगतो. बोटीने आलेला कॅनव्हास चित्रकाराकडे चार वर्षं पडूनही असू शकतो. ठशाखेरीज चौकटीच्या लाकडावर कागदी चिठ्ठी, खडूने लिहिलेला आकडा, चौकट करणाऱ्या दुकानाचं लेबल, यांपैकी जे असेल त्याचा फोटो घ्या. नुसता आकडा असलेली अर्धी फाटकी चिठ्ठीसुद्धा महत्त्वाची, कारण तो प्रदर्शनातला क्रमांक असू शकतो आणि तो छापील यादीत शोधता येतो.

सहीचा फोटो घेताना खोलीतले दिवे मालवा आणि टॉर्च चित्राच्या एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून आडवी धरा. ब्रशने रंगाचा जो बारीक उंचवटा राहिलेला असतो त्याची सावली पडते. आठच्या आकड्याला डावीकडच्या बाजूलाही रंगाची कड असते. तीनच्या डाव्या बाजूला मात्र फक्त खालचा रंग असतो. समोरून पिवळ्या व्हार्निशखाली दोन्ही सारखे दिसतात, आडव्या उजेडात बहुधा कळतं. टॉर्च डावीकडून, उजवीकडून आणि वरून धरून तीन फोटो घ्या, कारण एका बाजूच्या उजेडात कड लपते आणि दुसऱ्या बाजूच्या उजेडात दिसते.

समजा, आकडा तीन निघाला आणि पहिल्या पणजी १९०५ मध्ये गेल्या होत्या. मग आत्याचं म्हणणं बळकट होतं. आकडा आठ निघाला तर वडिलांचं खरं असावं असं वाटेल, पण तिथे थांबा. गेलेल्या माणसाचं चित्र फोटोवरून काढून घेण्याची पद्धत त्या काळी सर्रास होती. पहिली बायको गेल्यावर तीन वर्षांनी तिचा फोटो चित्रकाराला देऊन तैलचित्र करून घेतलं, असं सहज झालेलं असेल. अशा चित्रात पुष्कळदा चेहरा अगदी रेखीव असतो आणि हात, पदर, खुर्ची हे मोघम उरकलेलं असतं, कारण फोटोत तेवढंच नीट दिसत होतं. चेहऱ्यावरचा उजेड एका बाजूने आणि कपड्यांवरचा दुसऱ्या बाजूने येत असेल तर तीही खूण. पण ही खूण आहे, पुरावा नव्हे. तो मूळ फोटो एखाद्या ट्रंकेत सापडला, तर ती गोष्ट निराळी.

दागिन्यांकडे नीट बघा. नथीची घडण, तन्मणीच्या खोडातला खडा, पाटल्यांची नक्षी यांतलं काही घरात अजून कोणाकडे असेल, तर त्या दागिन्याचा आणि चित्रातल्या त्याच भागाचा फोटो शेजारीशेजारी ठेवा. आत्याला विचारा, तो दागिना कोणाकडून कोणाकडे आला. पहिल्या पणजीचे दागिने दुसरीच्या अंगावर चढले असण्याचीही शक्यता आहे, म्हणून एवढ्यावर निकाल लावता येत नाही. तरी चित्र याच घरातल्या कोणाचं तरी आहे, हे त्यातून ठरतं. बाहेरून विकत आणलेलं चित्र दोन पिढ्यांत 'आपली आजी' होऊन बसल्याचे प्रकार आहेत, त्यामुळे एवढं ठरणंही कमी नाही.

आमच्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते. सातारा भागातल्या एका कुटुंबाने लिहिलं, की त्यांच्याकडे खापरपणजोबांचं तैलचित्र आहे, ते मामलेदार होते आणि १९०९ मध्ये वारले. चित्रात पगडी, काळा कोट, उपरणं आणि छातीवर एक पदक. चित्रकाराचं नाव होतं, साल नव्हतं. पत्रासोबत पुढून काढलेला एकच फोटो होता, त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, आणि तो नेमका छातीवर. आम्ही उलट टपाली एवढंच मागितलं: पदकाच्या फितीचा दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, जवळून काढलेला फोटो.

फितीवरून पदक ओळखता येतं. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या पदकाची फीत फिकट निळी, तिच्यावर गडद निळे तीन पट्टे. १९११ च्या दरबाराच्या पदकाची फीत गडद निळी आणि मधोमध दोन बारीक तांबूस रेषा. आता शंभर वर्षांचं व्हार्निश पिवळं पडलं की फिकट निळा रंग हिरवट काळपट दिसतो, तांबूस रंग तपकिरी होतो. रंगावर विसंबलात तर फसाल, म्हणून रेषा मोजायच्या. फोटो आला. रेषा दोन होत्या, मधोमध, एकमेकींना लागून.

१९११ चा दरबार १२ डिसेंबरला भरला. १९०९ मध्ये वारलेल्या माणसाच्या छातीवर ते पदक असणं शक्य नाही. आम्ही कुटुंबाला कळवलं, की मृत्यूचं साल कागदावर आहे का ते बघा, आणि १९११ नंतर घरात सरकारी किंवा संस्थानी नोकरीत कोण होतं ते सांगा. मृत्यूचं साल पेन्शनच्या कागदावर पक्कं निघालं. थोरला मुलगा एका संस्थानात कारभारात होता. त्याचा स्टुडिओत काढलेला, पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो एका चुलत घराण्यात सापडला, आणि त्यात तेच पदक, तीच पगडी, उजव्या भुवईवर तोच व्रण. घरातले दोनतीन पिढ्या ज्यांना नमस्कार करत आले ते मामलेदार नव्हतेच, त्यांचे चिरंजीव होते. एका काकांना हे मुळीच पटलं नाही. पदक मागाहून रंगवून घेतलं असेल, असं ते म्हणत राहिले. मागाहून रंगवलेला भाग आडव्या उजेडात वेगळा दिसतो, आजूबाजूच्या भेगा त्याच्या खाली जाऊन थांबतात. इथे भेगा कोटावरून फितीवर आणि फितीवरून पुन्हा कोटावर सरळ गेलेल्या होत्या.

या प्रकरणात आमचाही फायदा झाला. त्याच चित्रकाराच्या वारसांकडून आलेल्या कागदांत पगडीवाल्या माणसाचं एक कोळशाचं रेखाटन होतं, रजिस्टरमध्ये 'पुरुषाचे मस्तक, अभ्यासचित्र' अशी ओळ. तोच व्रण. कुटुंबाचं पत्र, दोन फोटो आणि आमचं उत्तर त्या रेखाटनाच्या फायलीत लागलं. नोंद मात्र अशी केली: 'वंशजांनी दिलेल्या माहितीनुसार अमुक यांचे, आधार स्टुडिओतील छायाचित्र व पदक.' नोंद करताना 'अमुक यांचे चित्र' असं ठाम लिहायचं नसतं. उद्या कोणी आणखी कागद घेऊन आलं, तर आधीचं मत कशावर उभं होतं ते त्याला दिसलं पाहिजे. तुमच्या माहितीचीही नोंद अशीच व्हावी, ही अपेक्षा ठेवा आणि तसं पत्रात म्हणा.

तेव्हा कळवायची माहिती तीन भागांत वेगळी करा. कागदावर आहे ते एका ठिकाणी: जन्ममृत्यूचा दाखला, लग्नपत्रिका, सनद, पेन्शनचे कागद, कुलवृत्तांत. तीर्थोपाध्यायांच्या वहीतली नामावळीही यातच घ्या. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याच्या उपाध्यायांकडे पणजोबांच्या हातची नोंद असेल, तर दोन्ही बायकांची नावं तिथे मिळू शकतात. दुसऱ्या भागात सांगोवांगी, पण सांगणाऱ्याच्या नावानिशी: आत्या सांगते, तिला कोणी सांगितलं, ती व्यक्ती चित्रातल्या बाईंना भेटलेली होती का? तिसरा भाग तुमच्या अंदाजाचा. नोंदणीवाल्याला या तिन्हींत रस असतो. मात्र तिन्ही एकत्र कालवून दिली, तर तो सगळंच अंदाजात धरतो.

बायकांच्या नावांचा आपल्याकडे मोठा घोळ आहे. माहेरचं नाव एक, लग्नात ठेवलेलं दुसरं, घरात सगळे म्हणणार 'माई' किंवा 'वैनी', आणि इंग्रजी यादीत फक्त नवऱ्याच्या नावाने 'मिसेस अमुक'. चारही नावं लिहा. आडनावाची जुनी इंग्रजी रूपंही द्या. फडकेंचं स्पेलिंग एफने आणि पीएचने दोन्ही तऱ्हेने सापडतं, आणि एकाच घराण्यात धंद्यावरून, गावावरून आडनाव बदललेलं असतं. शोधणारा माणूस तुम्ही दिलेल्या अक्षरांनीच शोधणार.

आता पत्र. शासकीय संग्रहालयाला मराठीत लिहा, मुंबईतल्या संस्थांनाही मराठी चालतं. एका पानाच्या वर जाऊ नका. घराण्याचा इतिहास वेगळ्या कागदावर जोडा. मी असं लिहीन:

प्रति,
मा. अभिरक्षक,
(संग्रहालयाचे नाव व पत्ता)

विषय: 'एम. व्ही. धुरंधर' अशी सही असलेल्या तैलचित्रातील स्त्रीची ओळख, नोंदींबाबत विचारणा

महोदय / महोदया,

आमच्या कुटुंबाकडे एका स्त्रीचे तैलचित्र आहे. माप चौकटीशिवाय उंची ७६ सें.मी., रुंदी ६३ सें.मी. आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यात वरीलप्रमाणे सही असून साल १९०३ किंवा १९०८ असे वाचता येते. चित्र आमच्या माहितीप्रमाणे कधीही विकले गेलेले नाही. पणजोबांकडून आजोबांकडे व तेथून आमच्याकडे आले. पाठीमागील ठसा व चिठ्ठी यांची छायाचित्रे जोडली आहेत.

चित्रातील स्त्री आमच्या पणजोबांची पहिली किंवा दुसरी पत्नी असावी, असे घरातील दोन वेगळ्या व्यक्ती सांगतात. दोघींची माहेरची व सासरची नावे, उपलब्ध तारखा आणि प्रत्येक माहितीचा आधार सोबतच्या टिपणात दिला आहे.

आपणाकडून पुढील तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत.
आपल्या संग्रहात या स्त्रीचे अन्य चित्र, रेखाटन किंवा छायाचित्र आहे का?
टिपणातील नावांपैकी एखादे नाव आपल्या रजिस्टरमध्ये, देणगीदारांच्या पत्रव्यवहारात किंवा आपल्याकडील जुन्या प्रदर्शनांच्या याद्यांमध्ये आढळते का?
आपल्याकडे नोंद नसल्यास ती कोठे असू शकेल?

चित्राची किंमत किंवा अस्सलपणाचा दाखला आम्हाला नको आहे. शोधासाठी शुल्क असल्यास आधी कळवावे. आवश्यक तर मी ठरलेल्या वेळी येऊन रजिस्टर किंवा याद्या पाहू शकते.

सोबतची माहिती व छायाचित्रे आपण आपल्या फायलीत ठेवावीत व अभ्यासकांना दाखवावीत, यास आमची संमती आहे. ती छापावयाची झाल्यास आम्हाला आधी विचारावे. आमचे नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, 'खासगी संग्रह' एवढाच उल्लेख करावा.

आपली,
(नाव, फोन, ईमेल, तारीख)

यातली मापं उदाहरणादाखल घातली आहेत, तुमची तुम्ही मोजा. आधी उंची, मग रुंदी, असा संग्रहालयाचा रिवाज आहे. उलट लिहिलंत की उभं चित्र आडवं समजलं जातं आणि शोध चुकतो.

'किंमत किंवा दाखला नको' हे वाक्य गाळू नका. जुन्या चित्राबद्दल पत्र आलं की अभिरक्षकाच्या मनात पहिली शंका येते, की हे विकायला काढलंय आणि आमच्या लेटरहेडवर शिक्कामोर्तब हवंय. बहुतेक संग्रहालयं खासगी मालकीच्या वस्तूची किंमत सांगत नाहीत आणि अस्सलपणाचं प्रमाणपत्र देत नाहीत. ती शंका पहिल्याच पत्रात दूर झाली की उत्तर मोकळेपणाने येतं. आणि ओघात सांगते, धुरंधरांच्या सहीचीही खात्री धरू नका. नावाजलेल्या चित्रकाराची सही मागाहून टाकली जाते. मघाची भेगांची परीक्षा सहीलाही लावा: रंग भेगांच्या आत ओघळलेला असेल, तर चित्र तडकल्यावर सही झालेली आहे.

पत्रात 'छापण्याआधी विचारा' असं आपण म्हटलंय ते तुमची छायाचित्रं आणि घरगुती माहिती यांच्यासाठी. चित्रकाराच्या हक्काची काळजी करू नका. धुरंधर १९४४ मध्ये गेले, आणि भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे तो २००४ अखेर संपला.

फोटो सहासात पुरे: पूर्ण पुढून, पूर्ण मागून, चेहरा, सही, दागिने, ठसा आणि चिठ्ठी. व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतलेले नकोत, त्यात बारकावा उरत नाही. मूळ फाइल ईमेलला जोडा, आणि नाव असं द्या की फाइल एकटी पडली तरी कळेल:

```
1903-08_dhurandhar_sahi_torch-davikadun.jpg
1903-08_dhurandhar_mage_thasa.jpg
```

टपालाने पाठवत असाल तर प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहा, बॉलपेनने लिहिलेलं पुढे उमटतं. मूळ कागद, मूळ जुने फोटो आणि चित्र यांतलं काहीही पाठवू नका किंवा न विचारता घेऊन जाऊ नका. दारात आलेलं चित्र ठेवून घ्यायला पावती, जागा आणि जबाबदारी लागते, आणि तिथला कर्मचारी ती अंगावर घेणार नाही.

आणखी एक गोष्ट, कारण असं चित्र असलेल्या घरांत ती हमखास निघते. शंभर वर्षांवरचं चित्र १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष धरलं जातं. कॅनव्हासवरची चित्रंही नोंदणीच्या यादीत येतात. त्याची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे होते. एखादा भाचा ते अमेरिकेला न्यायचं म्हणत असेल तर नेता येत नाही, खासगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेण्याची कायद्याने बंदी आहे. संग्रहालयाला पत्र लिहिणं म्हणजे ही नोंदणी नव्हे, आणि पत्र लिहिलं म्हणून कोणी चित्र उचलून नेत नाही.

उत्तराला दोनतीन महिने द्या. त्यानंतर आवक क्रमांक विचारणारं दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवा, क्रमांक मिळाला की पुढचं बोलणं सोपं जातं. उत्तर 'नोंद आढळत नाही' असं आलं, तर त्यांनी काय काय पाहिलं ते विचारा. फक्त संगणकावरची यादी पाहिली की मूळ रजिस्टरही? कुठल्या नावाने शोधलं? प्रदर्शनांच्या कोणत्या वर्षांच्या याद्या त्यांच्याकडे आहेत? १९०३ ते १९०९ मधल्या याद्याच नसतील, तर 'आढळत नाही' याचा अर्थ निराळा होतो आणि तुम्हाला पुढे कुठे जायचं ते कळतं.

आणि आत्याचं म्हणणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, पत्राची वाट न बघता. तिला चित्रासमोर बसवा, 'ही कोण' असं थेट विचारू नका. हा दागिना कोणाचा, चित्र आधी कोणत्या खोलीत होतं, आणि पणजीच्या हयातीत ते भिंतीवर होतं का, हे विचारा. दुसरी पणजी घरात वावरत असताना पहिलीचं चित्र दिवाणखान्यात होतं की माडीवर, हे ज्याला आठवतं त्याची साक्ष माझ्या लेखी सहीच्या आकड्याइतकीच वजनदार आहे. ते टिपणही, तारीख आणि तिच्या नावासकट, दुसऱ्या पत्रासोबत त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन पाठवा.